सेहेचाळीस रुपये चार आणे

आमच्या मामंजींना मागता काही येत नसे. पुणतांब्यात गोदाकाठी भिक्षुकी करणारा माणूस, दक्षिणा हातावर पडेल ती घ्यायची आणि वर आशीर्वाद द्यायचा, एवढंच त्यांना ठाऊक. जेवताना आमटी हवी असली तरी वाटीकडे बघत बसत. मी नवी सून, मला वाटे पोट भरलं असेल. सासूबाई म्हणायच्या, "दमयंती, वाढ त्यांना. बघतायत ते." आता बघण्यावरून मी काय ओळखायचं, सांगा बरं.

अशा माणसाला चव्वेचाळीस साली चुलतभावाकडे पैसे मागायची वेळ आली.

मळा मामंजींचा आणि यज्ञेश्वरकाकांचा, निम्मा निम्मा. विहीर एकच. काका नगरला एका वकिलांकडे कारकून. आपल्या वाट्याचं धान्य न्यायला वर्षातून एकदा यायचे. त्या उन्हाळ्यात विहिरीची एक बाजू ढासळली, गाळ भरला, मोट बुडेना. दोघांच्या विचाराने काम काढलं. पुंजाराम गवंड्याने सगळं अंगावर घेतलं. काकांनी सुरुवातीला चाळीस रुपये पाठवले आणि बाकीचे पुढच्या महिन्यात देतो म्हणाले. तो पुढचा महिना काही उगवेना. काका लबाड नव्हते हो. नगरचा संसार, दोन मुली, राहून गेलं असेल. पण इथे विहिरीला पाणी लागलं, कांदे लावून झाले, आणि पुंजारामचे पैसे अडकलेलेच.

एक दिवस पुंजाराम ओट्याशी येऊन उभा राहिला. त्यालाही मागता येईना. शेवटी म्हणाला, "पंत, पोरीचं लगीन धरलंय मार्गशीर्षात. तुमी दिवाळी म्हनला हुता." मामंजींनी शब्द दिला होता. आपला अर्धा वाटा त्यांनी कधीच चुकता केला होता. आता भावाचा वाटा भरायला घरात काही नव्हतं.

मी म्हटलं, कार्ड टाका, स्वस्तात काम होईल. मामंजी माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी भर बाजारात पदर सोडला. कार्ड पोस्टमन वाचणार, वाड्यातले बिऱ्हाडकरू वाचणार, यज्ञेश्वराची अब्रू काय राहील? म्हणून पाकीट आणलं. गावातल्या निम्म्या लोकांची पत्रं मामंजीच लिहून द्यायचे, टाक कधी अडला नाही. पण या पत्राला दोन दिवस लागले. लिहायचे, वाचायचे, 'कृपया' घालायचे, परत खोडायचे. धाकट्या भावाला कृपया कसं लिहायचं? आणि न लिहावं तर हुकूम केल्यासारखं वाटतं. लढाईमुळे कागद महाग, म्हणून पाटीवर कच्चं लिहून मग एकुलत्या एका कोऱ्या कागदावर उतरवलं. शेवटी शेवटी टाकातून शाईचा थेंब वरच्या कोपऱ्यात पडला. मामंजींना डाग खपायचा नाही. त्यांनी तेवढा कोपरा नखाने दुमडून हलकेच फाडून टाकला, पत्र पाकिटात घातलं आणि स्वतः पेटीत टाकून आले.

कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. ज्यांनी गावाची मयताची पत्रं लिहिली, प्रत्येकाचा कोपरा स्वतःच्या हाताने फाडला, त्यांच्याच ध्यानात आलं नाही. डोक्यात सगळी ती मागणी बसलेली. मी शेजारी तांदूळ निवडत होते. मलाही सुचलं नाही, तर त्यांना काय बोलू?

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई अंगणात वाळवण उलटत होत्या. फाटकाशी यज्ञेश्वरकाका दिसले. डोक्याला टोपी नाही, स्टेशनापासून धुळीत चालत आलेले, डोळे सुजलेले. सासूबाईंकडे बघितलं आणि मटकन खालीच बसले. त्या धावल्या, तर त्यांचे पाय धरले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. आई गेली तेव्हा काका पाच वर्षांचे. नव्या नवरीला पहिल्या दिवसापासून हे पोर सांभाळायला मिळालं होतं. त्यांना न्हाऊ-माखू घातलं ते याच वहिनीने.

मामंजी आतून आले. "यज्ञेश्वरा, अरे झालं काय?"

काकांनी खिशातून पत्र काढून पुढे केलं. मामंजींची नजर त्या फाटक्या कोपऱ्यावर गेली आणि चेहरा उतरला. भिंतीला हात टेकून उभे राहिले.

मग हळूहळू उलगडा झाला. मागच्या महिन्यात सासूबाई हिवतापाने पडल्या होत्या, ते काकांना कळवलेलं होतं. आता कचेरीच्या पायरीवर पाकीट फोडलं तर फाटलेला कोपरा, आणि पहिली ओळ 'तुझ्या वहिनीचा ताप'. पुढे वाचवेना. कागद खिशात कोंबला, घरी जाऊन काकूंना सांगितलं. दिवसकार्याला लागतील म्हणून त्यांनी डब्यातले, शेजारचे असे साठ रुपये फडक्यात बांधून दिले आणि काकांनी गाडी धरली.

"आता तरी वाच की रे," सासूबाई म्हणाल्या. त्यांना बिचाऱ्यांना पत्रात काय आहे ते माहीतच नव्हतं.

काकांनी अंगणातच मोठ्याने वाचलं. 'चि. यज्ञेश्वर यास अनेक आशीर्वाद. तुझ्या वहिनीचा ताप उतरला, काळजी नसावी. विहिरीचा हिशेब कळवितो. गाळ काढणे उक्ते साठ, दगड छत्तीस, गवंडीकाम छत्तीस, चुना साडेबावीस, मोटेचे लाकूड साडेपंचवीस, एकूण एकशे ऐंशी. जुने लाकूड विकून आले साडेसात ते वजा जाता एकशे साडेबाहत्तर. निम्मे शहाऐंशी रुपये चार आणे. पैकी तुझे चाळीस पोचले. राहिले सेहेचाळीस रुपये चार आणे. पुंजारामच्या मुलीचे लग्न आहे, म्हणून लिहिले, एरवी लिहिले नसते. तुझी अडचण असल्यास मन मोकळे करून कळव, राग मानू नये. कळावे, हे आशीर्वाद.'

मामंजी मान खाली घालून ऐकत होते. काका पत्राची घडी घालत म्हणाले, "दादा, खरं सांगतो. हा कोपरा फाटलेला नसता ना, तर मी रागावलो असतो. दादाने माझ्याकडे हिशेब मागितला, असं म्हणून महिनाभर उत्तर लिहिलं नसतं." मग म्हणाले, "आणि हिशेब चुकलाय तुझा. एवढे दिवस गवंडी आणि मजूर वहिनीच्या हातचं जेवले. ते कुठं धरलंयस?"

"घरचं जेवण काय धरायचं," मामंजी पुटपुटले.

काकांनी फडकं सोडलं आणि पैसे पुढे केले. मामंजी घेईनात. ते पैसे कशासाठी बांधून आणले होते, ते त्यांना ठाऊक झालं होतं. हात मागे घेतला आणि वळून उभे राहिले. काका पुढे करतायत, हे मागे सरतायत. मला दोघांचाही असा राग आला, की तिकडे पुंजारामच्या पोरीला हळद लागायची आणि यांचं हे चाललंय.

सासूबाई उठल्या. वाळवणाचे हात पदराला पुसले आणि काकांपुढे पसरले.

"माझ्याच दिवसांसाठी आणलेस ना? मग माझ्याकडे दे."

सेहेचाळीस रुपये चार आणे मोजून घेतले. माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, दमयंती, आत्ताच्या आत्ता पुंजारामला देऊन ये. उरलेले फडक्यात परत बांधले आणि काकांच्या खिशात घातले. काका म्हणाले, वहिनी, त्या जेवणांचे तरी घे.

"त्याचं राहू दे रे," त्या म्हणाल्या. "मी खरंच जाईन तेव्हा असाच धावत ये, म्हणजे फिटलं."