मागे घेतलेलं पाचवं प्रकरण

आमची सून विद्यापीठात भाषा शिकवते. म्हणजे कुठली एक भाषा नव्हे. घड्याळजी घड्याळ उघडून बघतो तशी ती भाषा उघडून बघते. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिच्या हातून एक बशी गेली. आमची ही म्हणाली, "राहू दे गं, बशी पडली एवढंच."

तुकडे गोळा करता करता सूनबाई म्हणाली, "नाही आई, मी फोडली. पण गंमत बघा. बशी पडली म्हणा, नाहीतर मी बशी फोडली म्हणा, क्रियापद बशीच्याच बाजूने."

हिने माझ्याकडे बघितलं. मी मात्र मनातून खूश झालो. घरात गप्पांना जोडीदार आला होता.

पुढे एका संध्याकाळी मी तिला विचारलं, तू दिवसभर नेमकं करतेस काय? तिने टेबलावर तीन कप मांडले.

"हा एक, करणारा. हा दुसरा, सोसणारा. 'मुलगा बशी फोडतो' यात मुलगा करणारा, बशी सोसणारी. आणि हा तिसरा एकटाच. 'मुलगा पडतो.' ह्या एकट्याला कोणाशेजारी बसवायचं, एवढाच प्रश्न. पुष्कळ भाषा त्याला करणाऱ्याशेजारी बसवतात आणि वेगळी खूण सोसणाऱ्याला लावतात. काही भाषा त्याला सोसणाऱ्याशेजारी बसवतात. मग वेगळी खूण करणाऱ्याच्या कपाळी."

"आणि आपण?"

"आपण अर्धे इकडे, अर्धे तिकडे." तिने एकट्याचा कप सरकवला. "मुलगा बशी फोडतो, मुलगी बशी फोडते. क्रियापद करणाऱ्याचं ऐकतं. आता काम उरकू द्या. मुलाने बशी फोडली, मुलीनेही बशी फोडली. करणाऱ्याला 'ने' चिकटला, आणि क्रियापद त्याला विचारीनासं झालं. बशी पडली तसंच बशी फोडली."

"निवडणूक झाल्यावर पुढारी पक्ष बदलतो, तसं."

"तसंच. मी आणि तू यांना 'ने' लागत नाही, पण क्रियापद तिथंही पळून जातंच."

गावच्या शाळेत गुरुजींनी आमच्याकडून कर्तरी प्रयोग, कर्मणी प्रयोग घोकून घेतला होता. का, ते ना त्यांनी सांगितलं, ना आम्ही विचारलं. इतक्या वर्षांनी ते घोकलेलं तीन कपांत जिवंत झालं. मी शहाणपणा केला, "म्हणजे भूतकाळ आला की हे होतं म्हण की."

"नाही बाबा. 'मुलगी बशी धूत होती.' काळ गेलेलाच, पण काम चालू आहे. लागला का 'ने'? काळाकडे बघून होत नाही हे. काम पुरं झालं का, ते बघून होतं."

त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. काम चालू आहे तोवर ते माणसाचं, पुरं झालं की वस्तूचं. बोलत आलो जन्मभर, कळलं आत्ता.

सूनबाईंचं खरं काम दुसऱ्याच भाषेवर होतं. पलीकडच्या डोंगरातली भाषा, बोलणारी माणसं मोजकीच उरलेली. त्यातल्या एक आमच्या गल्लीच्या तोंडाशी कपड्यांना इस्त्री करणाऱ्या मावशी. विभागात एक खोली आहे, भिंतींना जाड स्पंज लावलेली. तिथं मावशी आणि त्यांच्या गावची म्हातारी माणसं येऊन बसत, कानाला यंत्र लावून सूनबाई त्यांच्या गोष्टी रेकॉर्ड करी. अस्वल कसं आलं, सासऱ्याने विहीर कशी खणली. मग प्रत्येक वाक्य थांबवून, पुन्हा ऐकून लिहून काढायचं.

त्यातून तिचं पुस्तक लिहून झालं. त्यातलं पाचवं प्रकरण सगळ्यांना आवडलं. त्यात म्हटलं होतं, आजूबाजूच्या भाषा आपल्यासारख्या अर्ध्या अर्ध्या, पण ही एकटी सरळ. करणाऱ्याला खूण लागते ती कायम, काम चालू असो की झालेलं. विभागाच्या प्रमुख, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी हेच निवड समितीला ऐटीत सांगितलं होतं. पुस्तक छापून आलं की सूनबाईंची नोकरी कायम होणार होती.

छपाईला जायच्या आधी शेवटचं काही तपासायला मावशींना बोलावलं होतं. सूनबाई चष्मा घरी विसरली म्हणून तो घेऊन मीही तिथं पोचलो, आणि खुर्ची मिळाली तशी बसलो. तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. बहीण होती. मावशी त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलल्या आणि फोन ठेवला.

सूनबाईंचा हात यंत्रावर तसाच थांबला. "मावशी, काय सांगितलंत तिला?"

"काय सांगायचं? शेजारीण चादरी धुतेय म्हणाली. मी म्हटलं, ती धुतेय तर तूही धुऊन घे."

"'शेजारीण चादरी धुतेय' तुमच्या भाषेत म्हणा ना."

मावशी म्हणाल्या. ती खूण शेजारणीला लागली नाही. "धूत होती" म्हणायला सांगितलं, तरी नाही. "धुतल्या" म्हटल्यावर मात्र लागली.

"एवढं काय झालं बाई? चेहरा का उतरला?" मावशींनी विचारलं.

"तुमचं नाही, माझं चुकलं. मी तुम्हाला नेहमी गोष्टीच विचारल्या. गोष्टीत सगळं होऊन गेलेलं असतं."

मला ते चटकन कळलं. गोष्टी सांगणाऱ्याचं असंच असतं. त्याच्या तोंडी करणारे सगळे काम उरकून बसलेले.

संध्याकाळी मोठ्या बाईंचा फोन आला. स्वयंपाकघरातून सूनबाईंचं बोलणं ऐकू येत होतं. "हो मॅडम, एकच फोन होता, पण नंतर मी विचारून पाहिलं ना... नाही, दुसरं कोणी तपासणार नाही, ते माहीत आहे मला... म्हणून तर." शेवटी म्हणाली, "प्रकरण मागे घेते. पुस्तक थांबलं तर थांबू दे."

ही पोळपाटावरून म्हणाली, "नोकरीचं काय गं मग?"

"पुढच्या समितीपर्यंत हंगामी, आई."

"आणि ते प्रकरण तसंच राहिलं असतं तर?"

"मग ती माणसं गेल्यावर त्यांची भाषा माझ्या पुस्तकात चुकीचं बोलत राहिली असती."

हिने पहिली पोळी तिच्या पानात वाढली.

त्यानंतर सूनबाईंनी रीतच बदलली. स्पंजची खोली सोडून ती यंत्र घेऊन मावशींच्या टेबलाशी उभी राहू लागली. मावशी इस्त्री फिरवतात आणि काय करतेय ते त्यांच्या भाषेत बोलत जातात. आता कॉलर दाबतेय, आता बाही उलटतेय. शर्ट घडी करून ठेवला की सूनबाई विचारते, "काय केलंत?" आणि उत्तरात ती खूण येते. गिऱ्हाइकं हसतात. मावशी त्यांना म्हणतात, "हसा. माझा शर्ट पुस्तकात जाणार आहे."

पाचवं प्रकरण आता आधीच्या दुप्पट झालंय. नोकरी अजून हंगामीच आहे.

एकदा सराव म्हणून तिने मलाही यंत्रासमोर बसवलं. "बाबा, आत्ता काय करताय ते सांगा. आत्ताचंच हं."

"मी शेंगा सोलतोय," मी म्हणालो. "तुला सांगतो, आमच्या शाळेत गुरुजींनी एकदा..."

तिने यंत्र बंद केलं, शेंगांची पाटी स्वतःकडे ओढली आणि म्हणाली, "सांगा."