तेलाचा डबा आणि ह्यांचं भाषण

दुकानाला दहा वर्षं झाली तेव्हा ह्यांना भाषण करायची हौस आली. वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चाले, त्या काळची गोष्ट. नांदुऱ्यातल्या किराणावाल्यानं भाषण करायचं म्हणजे नवलच! आठवडाभर मिठाच्या गोणीसमोर तालीम चालली. आधी देवाचं नाव, मग थोरामोठ्यांचं, मग गिऱ्हाइकांचे आभार, शेवटी पानसुपारीचं आमंत्रण. मधलं एक वाक्य मात्र छाती फुगवून यायचं, "धा वर्सांत एकाबी गिऱ्हाइकाची तक्रार नाई!"

पण ते खरं नव्हतं. तक्रार होती. पहिल्या दिवसापासून आमच्याकडेच येणारी पिंजाऱ्याची म्हातारी पंधरा दिवसांपूर्वी तेलाची बाटली परत घेऊन आली होती. तेल खवट आहे म्हणाली. ह्यांनी बूचही न काढता तिला वाटेला लावलं. आणि ते तेल ज्यातलं, तो डबा भरला होता मी. तळाशी जुनं तेल उरलेलं असताना, डबा न घासता, वरून तेलघाण्यावरचं ताजं ओतलं. जुनं नव्यालाही बिघडवतं हे मला पक्कं ठाऊक होतं. आळस केला, आणि वर गप्प बसले. म्हातारी पुन्हा फिरकली नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी ओट्यापुढे सतरंज्या अंथरल्या. पुरुष समोर, आम्ही बायका दाराआड. भाषण झकास चाललं होतं. तेवढ्यात म्हातारी आली आणि मागे बसली. पदराखालून तीच बाटली काढून तिनं पुढ्यात ठेवली.

"धा वर्सांत एकाबी..." हे म्हणाले आणि थांबले. मग ओट्यावरून उतरले, बूच काढलं, हुंगलं.

"खवट हाय," हे सगळ्यांदेखत म्हणाले. "माय, तुमी सांगतलं, मी ऐकलं नाई. चुकलं माह्यं."

मला राहवलं नाही. दाराआडूनच ओरडले, "डबा म्या घासला नव्हता!"

कुणी हसलं नाही. ह्यांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "तक्रार हाय बरं, मंडळी. जिनं सांगतलं, तिचे आभार पयले. बाकीच्याईनंबी असंच सांगत जा." मग पानाचा पहिला विडा म्हातारीच्या हातात दिला.

तिनं तो खाल्लाच नाही. "आभार राहू दे, बेटा. पयले डबा दाखव."

नवं लुगडं खोचून मी मागच्या अंगणात बसले. गरम पाणी, सोडा, राख. डबा घासून घासून उन्हात पालथा घातला. मंडळी पानसुपारी घेऊन पांगली, तरी म्हातारी विडा मुठीत धरून डब्याशेजारी बसून राहिली. मला लाज वाटत होती आणि ती आली म्हणून बरंही वाटत होतं. डबा वाळल्यावर तिनं त्यात तोंड घालून हुंगलं.

"हाव, आता वास नाई," म्हणाली, आणि सुकत आलेला विडा तोंडात टाकला.