चव्वेचाळीसची सरासरी

माझी बायको गणिताची शिक्षिका होती. बनशंकरीतल्या एका शाळेत तिने तीस वर्षं दहावीला गणित शिकवलं. निकालाचा तक्ता हातात आला की ती तीन गोष्टी विचारायची आणि क्रम कधी बदलायची नाही: पहिला कोण, वर्गाची सरासरी किती, पास किती. ही तिन्ही उत्तरं मिळाली तरी तिचा विश्वास बसत नसे. मग म्हणायची, "आता ओळीने वाचा."

आमच्या घरात परीक्षेनंतरची संध्याकाळ अशीच जायची. जेवणाच्या टेबलावर ती गुण वाचायची, मी कागदावर मांडायचो. मी कागदावर बेरीज करायचो, ती मनातल्या मनात, आणि तीही कानडीत. आम्ही दोघंही पिढ्यान्पिढ्या या कानडी मुलखातच राहिलेल्या मराठी घरांतले. घरात भांडायचं मराठीत, पण शाळा कानडी, म्हणून पाढे नि बेरजा कानडी. माझं उत्तर तिच्यापेक्षा नेहमी उशिरा यायचं. कधी चुकलंच तर ती चष्म्यावरून बघायची आणि "फॅक्टरीत असंच मापत होता काय?" म्हणून मला छळायची. मी चौतीस वर्षं एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो. माप चुकलेला एकही तुकडा मी पुढे सोडला नाही, हे मी तिला प्रत्येक वेळी ऐकवायचो. ती टोमणे मारणारी संध्याकाळ आता मला हवी आहे. दुसरं काहीही नको.

सांगतोय ती गोष्ट इंदिरानगरच्या एका हॉस्पिटलातली. जानेवारी होता. तिला रक्ताचा आजार झाला होता आणि औषधांनी नजर इतकी अंधुक केली होती की फोनवरचं अक्षर तिला दिसत नसे. त्यामुळे जे काही वाचायचं ते मी वाचायचं, असा नियमच झाला. शाळेचे निरोप मी वाचायचो, लेकीचे मेसेज मी वाचायचो, आणि रोज सकाळी फोनवर येणारा तिच्या रक्ताचा रिपोर्टही मीच वाचायचो.

रिपोर्ट मी खोटा वाचत होतो. हिमोग्लोबिन सातच्या आसपास घुटमळत होतं आणि मी आठवडाभर तिला "साडेनऊ, वाढतंय" म्हणून सांगत होतो. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, की औषध लागू पडत नाही, लेकीला बोलवायचं असेल तर आत्ताच बोलवा. लेक कॅनडात. ती रोज विचारायची, "बाबा, येऊ का?" आणि तिची आई माझ्या साडेनऊवर भरवसा ठेवून म्हणायची, "आत्ता कशाला? मार्चअखेर ये. पोरांची परीक्षा होऊ दे, मग दोघी मिळून देवळात जाऊ." मी मध्ये बसून दोघींना मान डोलवायचो. मार्चपर्यंत सगळं ठीक राहील असं मला मनापासून वाटत होतं, असं म्हणणंही खोटंच. मला फक्त तिचा चेहरा पडलेला बघायचा नव्हता.

तिची "पोरं" म्हणजे बारा जण. पहिल्या चाचणीत गणितात दांडी गुल झालेली बारा मुलं-मुली तिने निवडून काढली होती आणि शाळा भरण्याआधी साडेसातला त्यांचा वर्ग घेत होती. ती आजारी पडल्यावर तो वर्ग एका नव्या, तरुण शिक्षिकेकडे गेला. सराव परीक्षा झाली आणि एका दुपारी त्या शिक्षिकेने फोनवर तक्त्याचा स्क्रीनशॉट पाठवला. सोबत बोलून पाठवलेला निरोप होता, अर्धा कानडी, अर्धा इंग्रजी. मुख्याध्यापिकांना चार वाजता टॉपर, सरासरी आणि पास झालेल्यांचा आकडा द्यायचाय. सरासरी मी बाराने भागून काढली तर साधारण चाळीस आली, बरोबर का मिस?

तो आवाज ऐकून बायको उशीवर वर सरकली. चार दिवसांत पहिल्यांदा.

"वाचा. पहिला कोण?"

मी स्क्रीनशॉट बोटांनी मोठा केला. बारा ओळी, नावांच्या जागी हजेरीचे नंबर. "तीन नंबर. एकाहत्तर."

"एकाहत्तर!" ती म्हणाली. "तीन नंबर तर मागच्या बाकावर झोपायचा. सरी, असू दे. सरासरी?"

मी डब्याच्या कागदी पिशवीवर बेरीज मांडली. सहा नंबरपुढे 'एबी' होतं, म्हणजे गैरहजर. उरलेल्या अकरा जणांचे गुण मिळून चारशे चौऱ्याऐंशी. "तुझ्या नव्या बाईने गैरहजर पोराला शून्य धरून बाराने भागलंय," मी जरा ऐटीतच म्हणालो. "जो पेपरला बसलाच नाही, तो भागायला कशाला घ्यायचा? अकराने भागलं की चव्वेचाळीस. पुरते चव्वेचाळीस."

"शाबास," ती म्हणाली. "पास?"

पास व्हायला पस्तीस लागतात. चार नंबरला बावीस होते आणि दहा नंबरला एकोणतीस. म्हणजे पास नऊ. तिचा चेहरा इतका उजळला होता की तो 'नऊ' माझ्या तोंडातून निघेना. रोज सकाळी खोटं बोलून सवय झाली होती, त्यात आणखी एक.

"अकरा," मी म्हणालो. "बसले तेवढे सगळे पास."

मग, जसं होणारच होतं, ती म्हणाली, "आता ओळीने वाचा."

मी वाचू लागलो. "अठ्ठेचाळीस. छत्तीस. एकाहत्तर." चार नंबर आला. "सदतीस," मी म्हणालो. "एक्केचाळीस. सहा नंबर गैरहजर. पंचावन्न. अडतीस. बासष्ट." दहा नंबर. "एकोणचाळीस. पस्तीस. सत्तेचाळीस."

तिचे ओठ हलत होते. मी वाचून संपवलं तेव्हा तिचीही बेरीज झाली होती.

"ऐनूर ओंबत्तु," ती म्हणाली. मग माझ्याकडे तोंड करून मराठीत, "पाचशे नऊ झाले. तुम्ही सरासरी चव्वेचाळीस सांगितलीत. चव्वेचाळीस गुणिले अकरा, चारशे चौऱ्याऐंशी व्हायला पाहिजेत. पंचवीस गुण जास्त आले कुठून?"

मी पिशवीकडे बघत राहिलो. खरी सरासरी आधीच सांगून बसलोय, हे लबाडी करताना माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. चोरीसुद्धा नीट करता येऊ नये माणसाला!

"पंचवीस गुण कुणाला वाटलेत, अहो?"

"चारला पंधरा, दहाला दहा," मी सांगून टाकलं. "बावीस आणि एकोणतीस आहेत ते. तुला वाईट वाटेल म्हणून."

मला वाटलं होतं ती चिडेल. ती म्हणाली, "चार नंबरला बावीस आहेत? खरंच?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पहिल्या चाचणीत तिला आठ होते हो. अपूर्णांक बघितला की रडायची. आठाचे बावीस केले तिने, मी नसताना. आणि तुम्ही तिचे ते बावीस पुसून सदतीस केलेत."

तिने मला फोन तोंडाजवळ धरायला लावला आणि त्या शिक्षिकेला निरोप सांगितला, स्पष्ट, वर्गात फळ्यापुढे उभी असल्यासारखा. टॉपर एकाहत्तर. सरासरी चव्वेचाळीस, बाराने भागू नकोस. परीक्षेला बसले अकरा, पास नऊ, नापास दोन, एक गैरहजर. चार नंबरच्या आईला आजच फोन करून सांग की मुलगी पुढे आलीये. आणि सहा नंबर का आला नाही, ते घरी जाऊन बघ.

निरोप गेला. मी फोन ठेवला. मला वाटलं, निभावलं. पाणी देऊ का म्हणून विचारलं. तिने पाणी नको म्हटलं आणि तिचा हात माझ्या मनगटावर ठेवला. हात गार होता.

"माझे रिपोर्टही असेच वाचता का?" तिने विचारलं.

खोलीत पंखा फिरत होता, बाहेर बाया कानडीत हसत होत्या.

"साडेनऊ असतं तर मला उठून बसता आलं असतं," ती म्हणाली. "मी रोज विचार करते, साडेनऊ आहे आणि जिना चढल्यासारखी धाप का लागते? वाटलं, माझंच मन कच्चं. आजचा काढा. आणि न वाढवता वाचा."

मी रिपोर्ट काढला. चौतीस वर्षं मापं वाचलेला माणूस मी. तरी त्या एका आकड्याखाली मी बोट धरलं. "सहा पूर्णांक आठ," मी म्हणालो. मग डॉक्टर बाहेर काय म्हणाले होते तेही सांगितलं, सगळं, शब्दाला शब्द.

तिने ऐकून घेतलं. कुणाचाही निकाल ऐकावा, तसं. मी रडत होतो, ती नव्हती.

"कधी म्हणाले?"

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज फुटला. "तिला रोज नको म्हटलं मी. माझ्या तोंडाने. आत्ता लावा फोन."

कॅनडात पहाट होती. लेक झोपेतच बोलली. तिच्या आईने मार्च म्हटलं नाही, परीक्षा म्हटलं नाही. "ये बाळा," इतकंच म्हणाली. लेक तिसऱ्या दिवशी पोहोचली, सरळ विमानतळावरून, येलहंकाच्या रस्त्याने बॅगेसकट हॉस्पिटलात. ती आत आली तेव्हा बायको जागी होती. नजर अंधुक होती, पण पावलांवरून ओळखलं.

त्यांना एकोणीस दिवस मिळाले. लेक तिचे केस विंचरायची, दोघी माझ्यावर हसायच्या, कधी मला बाहेर घालवून दार लोटून घ्यायच्या. रिपोर्ट लेक वाचायची, आहे तसा. विसाव्या दिवशी सकाळी तो वाचायची गरज उरली नाही.

लोक म्हणतात, नशीब, मुलगी वेळेवर आली. मी मान डोलवतो. लेकीने मला एकदाही दोष दिला नाही, आणि तेच मला झोंबतं. एकोणीसच्या ऐवजी सत्तावीस झाले असते. आठ दिवस, आईला हात लावता येईल असे, तिचे नि माझ्या बायकोचे, मी स्वतःच्या हाताने खोडले. फोन ठेवताना लेक हल्ली रोज विचारते, "बाबा, तब्येत कशी आहे? खरं सांगा." मी खरं सांगतो.