मंगळवारच्या चौकटीतली अंगारकी

जानेवारी २०२६च्या कॅलेंडरच्या पानावर अंगारकी संकष्टी मंगळवार ६ ऐवजी बुधवार ७ तारखेला, तीही नुसती संकष्टी म्हणून लिहिली गेली होती. चूक दिवाळीनंतरच्या आठवड्यात, इंदापुरात, सकाळी अकराच्या सुमारास लक्षात आली. तोपर्यंत पान दोघांच्या नजरेखालून गेलं होतं. त्यातला एक मी.

बारामतीतल्या ज्या छापखान्यात मी वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यावर मुद्रितं तपासायला जातो, तिथं कॅलेंडरची पानं बाहेरून तयार आणत नाहीत. नर्सरीवाले, दूध संस्था, मोरगावचे नारळवाले आपलं नाव घालून कॅलेंडर वाटतात, आणि त्यांना गावोगावच्या जत्रा पानावर हव्या असतात. त्यामुळे बाराही पानं इथंच लिहायची. आधी आखलेल्या कागदावर पेनानं, मग संगणकावर. ही पानं अनेक वर्षं इंदापूरचे एक तात्या लिहून देत. निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या पुढं. यंदा डोळ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांनी नकार कळवला.

काम मागितलं ते संगणकावर बसणाऱ्या बाईंनी. त्या काटेवाडीहून स्कूटीनं येतात. तात्यांचं अक्षर लावण्यात त्यांची आठ वर्षं गेली होती. मालकांनी अट घातली. जानेवारीचं पान तात्यांनी पास केलं तर बाराही पानं बाईंची. नाहीतर पुण्याहून तयार पानं आणायची, आणि मग पुढच्या वर्षीही तीच.

पान त्यांनी तीन दिवसांत लिहिलं. मी वार तपासले. एक तारखेला गुरुवार, प्रजासत्ताक दिन सोमवारी, लाल शाईत. तीन तारखेला पौष पौर्णिमा, अठराला अमावास्या, बावीसला गणेश जयंती, पंचवीसला रथसप्तमी. चौदा तारखेच्या चौकटीत मकरसंक्रांत आणि षट्‌तिला एकादशी दोन्ही बसवायची होती. तिथं त्यांनी अक्षर बारीक केलं होतं. सगळं जुळत होतं.

एक शंका त्यांनी स्वतःच काढली होती.

"पंचांगात अंगारकी सहा तारखेच्या ओळीत दिसती. पण सहाला तर तृतीया हाय. तृतीयेला संकष्टी कशी?"

"ओळ खालीवर झाली असेल," मी म्हणालो.

"मलाबी तसंच वाटलं. चतुर्थी सातला येती. पण बुधवार म्हटल्यावर अंगारकी न्हाय ऱ्हात, नुसती संकष्टी."

त्यांनी तशी दुरुस्ती केली. मी सही केली.

इंदापूरला आम्ही एसटीनं गेलो. तात्या ओट्यावर काळा चष्मा लावून बसले होते. त्यांनी पान हातात घेतलं नाही. बाईंना वाचायला सांगितलं. बाई तारीख, वार, तिथी, सण असं वाचत गेल्या. सात तारखेला तात्यांनी हात वर केला.

"पुन्हा वाचा."

"बुधवार सात. चतुर्थी. संकष्टी."

आतून तात्यांच्या पत्नी भांडी घासता घासता ओरडल्या, "बुधवारी? अवो, मी मंगळवारची मोरगावची गाडी ठरवून बसलीय! बायका गोळा केल्यात पंधरा!"

"गाडी ऱ्हाऊ दे ठरलेली," तात्या म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "पत्रकारसाहेब, तुमी काय तपासलं? रविवार रविवारी येतोय का, एवढंच?"

"वार, सुट्ट्या, पौर्णिमा, अमावास्या," मी म्हणालो.

"पेपरात चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता. हितं दुसरा दिवस न्हाय. भिंतीवर वर्षभर टांगून ऱ्हातं."

बाईंचा चेहरा उतरला होता. तात्यांनी चूक सांगितली नाही. एवढंच विचारलं, "सहा तारखेला रात्री चंद्र उगवतो, तवा तिथी कोणची?"

बाईंनी पिशवीतून पंचांग काढलं. तिथीच्या पुढं ती किती वाजता संपते ते छापलेलं असतं. सहा तारखेच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. तृतीया सकाळी आठ वाजून एक मिनिटाला संपत होती. त्याच ओळीत, बारीक टाइपात, चतुर्थी. ती दुसऱ्या दिवशी पहाटे सहा बावन्नला संपत होती.

"थांबा तात्या, बोलू नका," त्या म्हणाल्या. "मी सांगते."

त्यांनी बोट सात तारखेच्या ओळीवर नेलं.

"चौकटीत आपण सूर्य उगवताना असती ती तिथी लिहितो. मंगळवारी सूर्य उगवला तवा तृतीया. चतुर्थी त्याच्यानंतर लागली. आणि बुधवारी सूर्य उगवायच्या आधीच संपली. म्हणजे तिला सूर्योदय मिळालाच न्हाय. क्षय हाय तिचा. बुधवारी थेट पंचमी."

"आन् संकष्टी?"

"संकष्टीला सूर्य बघायचा न्हाय. चंद्र बघायचा. मंगळवारी रात्री चंद्र चतुर्थीतच उगवतो. म्हणजे अंगारकीच."

"गाडी ठरलेली ऱ्हाऊ दे म्हनलं न्हवं मी?" तात्या आतल्या दिशेनं म्हणाले.

मी विचारलं, मग अमावास्या अठरालाच कशी आली. एक तिथी कमी झाली तर एक दिवस सरकायला हवा होता. उत्तर बाईंनीच शोधलं. पुढं सप्तमीला शुक्रवार नऊ आणि शनिवार दहा असे दोन सूर्योदय मिळत होते. एक गळाली, एक दोनदा आली. त्यांनी मात्र प्रतिपदेपासून ओळीनं एकेक तिथी मांडली होती. त्यामुळे सात, आठ आणि नऊ या तीनच चौकटी चुकल्या आणि दहा तारखेपासून पान पुन्हा बरोबर झालं.

"चूक मोठी चलाख हाय," तात्या म्हणाले. "तीन दिवस लपली आन् गुपचूप रांगेत येऊन उभी ऱ्हायली." मग चष्मा नाकावर सारखा केला. "पण चूक ती चूक. पास कसं करू?"

बाईंनी पिशवीतून व्हाइटनर काढलं, मांडीवर पान घेतलं आणि तीन चौकटी दुरुस्त केल्या. मग सहा तारखेत लाल पेनानं अंगारकी लिहिली आणि तिच्यापुढं चंद्रोदयाची वेळ, जी त्यांनी शंकेमुळे दोन्ही दिवसांची आधीच वेगळ्या कागदावर काढून ठेवली होती.

"वेळ वाचा," तात्या म्हणाले. त्यांनी वाचली. "पंचांगात तर उशिराची हाय की. पाठ हाय मला."

"ती मुंबईची हाय. बारामती मुंबईच्या पूर्वेला. आपल्याकडं चंद्र सहा मिनिटं आधी उगवतो. मी बारामतीची काढली. इंदापुरात आणखी दोन मिनिटं आधी."

तात्यांनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी मनाई केली होती.

"मी इतकी वर्षं मुंबईचीच छापत आलो."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. पत्नी पदराला हात पुशीत ओट्यावर आल्या. "म्हंजी दर संकष्टीला मी आठ मिनिटं जास्तीची उपाशी बसले? तुमच्यापायी?"

"आगं, पुण्य वाढलं तुझं."

"पुण्य तुमाला घ्या. मला त्या मिनिटांचं जेवाण द्या."

सगळ्यात मोठ्यानं तात्या हसले. हसता हसता डोळ्याला हात नेऊ लागले, तो पत्नीनं धरला. मग त्यांनी पान मागितलं, नाकाजवळ धरलं आणि खालच्या कोपऱ्यात काहीतरी लिहून सही केली. अक्षर नेहमीप्रमाणे लागत नव्हतं. बाईंनी ते लगेच वाचलं: "पास. पुढची अकरा लिहा."

आम्हाला जेवू घालूनच सोडलं. पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा. दोनच्या गाडीला जागा मिळाली. बाईंनी मालकांना फोन केला. मालकांनी एकच विचारलं, अंगारकी लाल केली ना. बाई म्हणाल्या, केली.

संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांनी छापखान्यात नवा आखलेला कागद घेतला. आधी पंचांगात तिथी संपण्याची वेळ पाहिली, मग पहिली ओळ लिहिली: रविवार, १ फेब्रुवारी, माघ पौर्णिमा.