गोळी आणि भाकरी

"गोळी लागूच पडत न्हाई, बदलून द्या," आई धारूरच्या डॉक्टरांना म्हणाली. मी शेजारी बसले होते. अर्धशिशी उठली तरी ती आधी सगळ्यांच्या भाकऱ्या थापायची आणि उलटी झाल्यावर गोळी घ्यायची.

डॉक्टर म्हणाले, "ही गोळी मेंदूभोवतीच्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळते, वेदनेचे संदेश अडवते. दुखणं सुरू होताच घेतली तर गुण येतो, उशिरा घेतली तर कमी. आजार मुळातून जात नाही, आणि वरचेवर घेतली तर डोकेदुखी उलट वाढते. हृदयविकार असेल तर देतच नाही. तुम्ही कधी घेता?"

"लगेच की!"

मी मध्येच म्हणाले, "नाही डॉक्टर, भाकऱ्या झाल्यावर घेते. आई, दुखायला लागलं की तू गोळी घे. भाकरी मी करते."