आठ हिरवे दिवे

आमच्या वासुदेवला खोटं बोलता येत नाही, असं सगळं डहाणू सांगतं. मला विचाराल तर हा गुण फार मिरवू नये, माणूस त्यानेच फसतो. डहाणू रोडला माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि वासुदेव वायर, क्लिपा माझ्याकडूनच नेतो, म्हणून मला बोलायचा हक्क आहे.

बाप, भाऊ बोटीवर गेले. याला लाटा सोसल्या नाहीत म्हणून हा नेटवर्कच्या केबली ओढायला लागला. काम देखणं. केबलच्या आत आठ तारा असतात, दोन-दोन पिळलेल्या. वासुदेव टोकाच्या क्लिपेत प्रत्येक जोडी शेजारी-शेजारी बसवायचा: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच क्रम. मग खिशातला टेस्टर लावायचा, आठ दिवे एकामागून एक हिरवे पेटायचे. ‘हातच्या काकणाला आरसा कशाला?’ म्हणायचा. दुकानांतल्या चार-पाच मीटरच्या केबलींवर कधी तक्रार आली नाही.

तलासरीच्या एका खासगी एक्स-रे सेंटरचं कामही त्याने केलं. मशीन मागच्या इमारतीत, कॉम्प्युटर पुढे; मध्ये लांबलचक केबल. तिथल्या डॉक्टरांना गळ घालून त्याने पुतणी सोनलला ऑपरेटर म्हणून लावलं. घरात महिन्याचा पगार आणणारी पहिलीच ती. तिची आई मासळी विकताना गिऱ्हाइकाला भाव नंतर सांगायची, आधी मुलीची नोकरी.

पण एक्स-रेचे फोटो पुढे पोहोचेनात. पेशंटचं नाव, वय पटकन जायचं. फोटो अर्ध्यावर अडकायचा. हात मोडलेली माणसं बाकड्यावर कण्हत बसायची आणि डॉक्टर सगळ्यांदेखत सोनलवर ओरडायचे. तिने आपल्या परीने डोकं चालवलं. लॅपटॉप मशीनजवळ नेऊन आखूड केबलने जोडला, तर फोटो झटक्यात आला. तिने काकाला फोन केला, “काका, तुझ्या त्या लांब केबलीतच काहीतरी आहे.”

वासुदेव गेला. टेस्टर लावला. आठ दिवे हिरवे.

डॉक्टरांनी सरळ विचारलं, “वासुदेव, केबलचा दोष की मुलीचा? घरची म्हणून लपवू नकोस.”

झालं. या ‘घरची म्हणून’ने घात केला. वासुदेव ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “केबल शंभर टक्के ठीक आहे, साहेब.” सोनल शेजारी उभी होती. “काका, एकदा आखूड केबल लावून बघ तरी,” ती म्हणाली. त्याने टेस्टर खिशात घातला. महिनाअखेरीला तिला घरी बसवलं, आणि हा माझ्या दुकानात येऊन सांगतो, “नात्यासाठी मी खोटं बोललो नाही.” मीही मान डोलावली, मूर्खासारखी!

नव्या मुलीच्या हातूनही फोटो अडकायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी वापीहून जिग्नेश नावाच्या गुजराती नेटवर्कवाल्याला बोलावलं. त्याचा टेस्टर मोठा, पडद्याचा. त्याने वासुदेवला बोलावून दाखवलं.

“काका, दिवे तर पेटणारच ने! इथली तार तिथे पोचली, एवढंच तुमचा टेस्टर सांगतो. कोण कोणाबरोबर पिळलंय ते तो बघतच नाही. तिसरी आणि सहावी मिळून एक काम करतात, त्या एकाच जोडीच्या पाहिजेत. तुमची तिसरी हिरव्या जोडीतली, सहावी निळ्या जोडीतली. मग एकीचा आवाज दुसरीत घुसतो. आखूड केबलीत चालून जातं. लांब केबलीत डेटा सांडतो, आणि मोठी फाइल असली की अडकतेच.”

वासुदेवने दोन्ही टोकं स्वतःच कापली. या वेळी हिरवी जोडी फोडून तिसऱ्या आणि सहाव्या जागी घातली, मध्ये निळी बसवली. फोटो लख्ख आला. मग तो डॉक्टरांकडे गेला आणि चूक आपली, पोरीची नव्हती, हे कबूल केलं. डॉक्टर म्हणाले, “असू दे रे. आता ही नवी मुलगी छान रुळली आहे.” बस्स, एवढंच! सोनलला एक फोन करावा असंही त्या माणसाला वाटलं नाही, याचा मला आजही संताप येतो.

वासुदेव बाजारात गेला. सोनल आईच्या पाटीमागे बसून बोंबील निवडत होती. आई आता गिऱ्हाइकाला फक्त भाव सांगते. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. जोड्या, तिसरी, सहावी, सगळं. वरातीमागून घोडं.

सोनलने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “दिव्यांना विचारलंस ना काका, तेव्हा मीपण तिथेच उभी होते.”

आणि तिने पुढच्या गिऱ्हाइकासाठी पिशवी उघडली.