अक्काला कळेल अशी नोटीस

आमच्या जवसाच्या चटणीत शेंगदाणे नसतात. पाकिटावर तसं छापलंय, आणि जळगावच्या एका मास्तरीणबाईंना मी फोनवर छातीठोकपणे सांगितलंही होतं. त्यांच्या मुलीला दाण्याचा कण जरी पोटात गेला तरी घसा सुजतो.

नरडाण्याजवळच्या आमच्या शेडमध्ये भाजणीचं काम माझ्या चुलत सासूबाईंकडे, सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्या दिवशी जवसाचं एक पोतं न वापरता पडलेलं दिसलं म्हणून मी विचारलं. अक्का कौतुकाने सांगू लागल्या, त्यातलं जवस भिजलेलं होतं म्हणून बाजूला काढलं, मग माल कमी पडला, म्हणून मूठ-मूठ दाणे घातले. चटणी दुकानांत जाऊन दोन दिवस झाले होते.

मी ओरडले तर अक्का म्हणाल्या, "दाणा खाईसन कोणी मरस का? बठ्ठं गाव खास." सगळं गाव खातं, मग काय झालं, असं त्यांचं म्हणणं.

आधी दुकानदारांना फोन करून विक्री थांबवली, धुळ्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवलं. मग नोटीस. नवरा झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणणाऱ्यातला. त्याने लिहिलं, "तांत्रिक कारणास्तव सदर बॅच परत मागविण्यात येत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." मी रागाने ते अक्कांना वाचून दाखवलं. त्यांना अक्षर येत नाही, पण त्यांनी लगेच विचारलं, "खावानी का नही, ते सांग ना."

तिथेच मला उमगलं. मी कागद फाडला आणि अक्कांना समोर बसवून वाक्यावाक्याला विचारत लिहिलं. 'ॲलर्जी' त्यांना कळेना, म्हणून त्याच्यापुढे घातलं, दाणे खाऊन ज्यांच्या अंगावर गांधी उठतात, ओठ-घसा सुजतो, दम लागतो, त्यांनी ही चटणी मुळीच खाऊ नये, जिवाला धोका आहे. खाऊन त्रास होत असेल तर ताबडतोब दवाखाना गाठा. ही सूचना पाकिटामागे बॅच 'ज-१४' छापलेल्या चटणीपुरतीच आहे. चूक आमची, यात छापलं नसताना शेंगदाणे गेले आहेत. पाकीट कोणाला देऊ नका, फोडलेलं असलं तरी दुकानात परत करा, बिल नसलं तरी पूर्ण पैसे मिळतील. खाली माझा नंबर. नवरा म्हणाला, धंदा बुडेल. मी म्हटलं, बुडू दे.

नोटीस मोबाइलवर सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवली, दुकानांच्या काउंटरवर चिकटवली. मास्तरीणबाईंचा फोन मात्र लागेना, त्या शाळेत. संध्याकाळी त्यांचाच आला.

"माझ्या नवऱ्याने दुकानातली नोटीस वाचली आणि तिथूनच घरी फोन केला," त्या म्हणाल्या. "मुलीने भाकरीवर चटणी घेतली होती. तोंडात जायचीच बाकी होती."

मी शेडमध्ये मोठ्याने रडले, आणि त्या रडण्यात आनंदच होता. पुढच्या आठवडाभरात विकलेली पाकिटं परत येत राहिली. माझ्या नवऱ्याने ती स्वतः मोजली, आणि येणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला नोटीस वाचायला देऊ लागला.

अक्कांनी मात्र दाण्यांचा डबा डोक्यावर घेतला आणि घरी नेऊन ठेवला. परत येऊन, जवस संपलं तरी आता कशाचीच भर घालायची नाही म्हणून, त्या म्हणाल्या, "आते जवस सरनं ते भट्टी बंद."